पहिली ५० किमी ट्रेल: २० मिनिटं नेमकी कुठे गेली?

घसारावीर: पहिल्याच अल्ट्रात ३८ किमीला कटऑफनं बाहेर काढलं. सह्याद्रीतली वाट, चारही टप्प्यांची चढाई २५०, ८००, ६००, ३५० मीटर. पहाटे ५ ला निघालो. बेत १० तासांचा, म्हणजे किमीला सरळ १२ मिनिटं. डायरीतले आकडे:

सीपी १ (१२ किमी): ठरवलेले २:२४, लागले २:०५
सीपी २ (२५ किमी): ५:००, लागले ५:२०
सीपी ३ (३८ किमी): ७:३६, लागले ८:५०, कटऑफ ८:३०

सुरुवातीला १९ मिनिटं पुढे होतो. तिथेच जास्त पळालो ना?

रविवारचा_सिंहगड: अर्थात! नवखे सगळे तिथेच मरतात. पहिला टप्पा मुद्दाम हळू काढायचा.

नाचणीभाकर: मला नाही पटत. १०० मीटर चढ म्हणजे १ किमी जादा धरा. टप्पे होतात १४.५, २१, १९ आणि १५.५, एकूण ७०. ६०० मिनिटं ÷ ७० = ८.५७. मग सीपी १ ची वेळच २:०४ निघते. तुम्ही पुढे नव्हतातच, अगदी बेताबरहुकूम होतात. बेतच कागदावर चुकला होता. दुसरा टप्पा १९५ ÷ २१ = ९.३, तिसरा २१० ÷ १९ = ११. खरी पडझड तिसऱ्यात आहे. सीपी २ ला किती वेळ थांबलात?

घसारावीर: घड्याळात बघितलं. २५ मिनिटं! मोजे बदलले, बटाटे खाल्ले, मग नुसताच बसलो. बेतात थांब्याला शून्य मिनिटं होती.

नाचणीभाकर: मग १८५ ÷ १९ = ९.७. पाय फारसे मंदावले नव्हते. ५ मिनिटांत उठला असतात तर ८:३० ला टेकला असतात.

रविवारचा_सिंहगड: म्हणजे अगदी काठावर. शिवाय न बसता हा वेग टिकला असता कशावरून? पावणेअकराला निघालेला माणूस भर उन्हात चढत होता. बसावं का लागलं, तर आधी जोर लावला म्हणून. माझं म्हणणं तेच.

नाचणीभाकर: हे मात्र आकड्यांतून सिद्ध होत नाही, खोडूनही काढता येत नाही. माझ्या हिशेबात उतार मुळीच नाहीत, हीही खोट आहे. घसाऱ्यावरून उतरताना गुडघे वाचवायला कितीतरी मिनिटं जातात.

पुणेकर_पायी: मला सिंहगड चढायला ५० मिनिटं लागतात, मग मी ५० किमी किती तासांत करेन?

नाचणीभाकर: एका चढावरून नाही सांगता येणार हो. चार तास चालून झाल्यावरचा चढ मोजा.

घसारावीर: ११ तासांचा बेत मांडून बघितला: ६६० ÷ ७० = ९.४३, सीपी ३ ला ८:३४. एकही थांबा न धरता कटऑफच्या ४ मिनिटं मागे! म्हणजे शेवटच्या रेषेची मुदत ११ तास असली तरी खरी अट सीपी ३ चीच होती. आता साडेदहा तास धरून थांबे वेगळे लिहितोय.