मदत हवी आहे: प्रत्येक 'सुमिमासेन'ला 'माफ करा' का चालत नाही?

मोगरा_७
एका छोट्या जपानी फिल्मचे मराठी सबटायटल करते आहे. त्यात पाच ठिकाणी 'सुमिमासेन' आहे. मी पाचही ठिकाणी 'माफ करा' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी चार ठिकाणी लाल खुणा करून फाईल परत पाठवली. शब्दकोशात माफी, हाक आणि आभार असे तिन्ही अर्थ दिलेत. मग कुठे कोणता घ्यायचा, हे ठरवायचं कशावरून? उद्या सकाळी द्यायचं आहे, कृपया लवकर सांगा.

तळटीप
वाक्यं कुठे आहेत? कोण कोणाला म्हणतंय, त्याच्या लगेच आधी काय घडलं, पुढे 'देशिता' लागलंय का, शब्द एकटा आहे की मागे क्रियापद आहे, हे कळल्याशिवाय कोणीही तुक्काच मारेल.

हिरवा_चहा
मी नेहमी मूळ शब्दच ठेवायला सांगतो. सरळ 'सुमिमासेन' लिहा, दोन प्रसंगांत प्रेक्षक शिकतो. 'अरिगातो' सगळ्यांना कळतंच की.

तळटीप
'अरिगातो'चा एकच अर्थ आहे म्हणून कळतं. इथे लिफ्टमधली बाई आभार मानतेय की माफी मागतेय, हेच प्रेक्षकाला कळणार नाही. मग सबटायटल कशासाठी?

मोगरा_७
लिफ्ट आहे हे तुम्हाला कसं कळलं :) खरंच आहे. हे घ्या:
पहिला: माणूस लिफ्टचं दार धरून ठेवतो, बाई घाईने आत येते, मान झुकवून "आ, सुमिमासेन".
दुसरा: खानावळीत गिऱ्हाईक हात वर करून "सुमिमासेन!"
तिसरा: मीटिंगला उशिरा पोचलेला मुलगा, "ओकुरेते सुमिमासेन".
चौथा: शेजारच्या आजी पिशवीभर काकी फळं देतात, दारातली बाई "इत्सुमो सुमिमासेन".
पाचवा: दुसऱ्या दिवशी तीच बाई आजींना जिन्यात म्हणते, "किनो वा सुमिमासेन देशिता".

पोस्टकार्ड
सोपं आहे. 'देशिता' म्हणजे भूतकाळ. भूतकाळ असला की माफी, नसला की आभार किंवा हाक. पाचवा सॉरी, बाकी बघून घ्या.

तळटीप
पोस्टकार्ड, अर्धंच बरोबर आहे. हाक मारताना 'देशिता' कधीच लागत नाही, हे खरं. पण तिसरा प्रसंग वर्तमानात असूनही स्वच्छ माफी आहे, आणि झालेल्या मदतीबद्दल नंतर आभार मानतानाही 'सुमिमासेन देशिता' म्हणतात. काळावरून फक्त 'गोष्ट होऊन गेली' एवढंच कळतं.

मोगरा, मुळापासून पाहा. 'सुमु' म्हणजे संपणं, मिटणं, हिशेब पुरा होणं. 'सुमिमासेन' हे त्याचं नम्र नकारार्थी रूप. आपल्याकडचं सर्वांत जवळचं क्रियापद 'फिटणं'. उपकार फिटत नाहीत म्हणतो ना, तसं. तुमच्याकडून मला काहीतरी मिळालं किंवा माझ्यामुळे तुम्हाला काहीतरी सोसावं लागलं, आणि त्याचा हिशेब माझ्या बाजूने पुरा होत नाही. त्यामुळे जपानीत इथे आभार आणि माफी यांच्यात भिंत नाही. समोरच्याने कष्ट घेतले, हे दोन्हीकडे सारखंच.

म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारा: कष्ट कोणाला पडले, आणि कशामुळे? लिफ्टमधला माणूस तिच्यासाठी थांबला, स्वतःहून. आभार. खानावळीत अजून काही घडलेलंच नाही, कष्ट आता द्यायचे आहेत, म्हणून आगाऊ शब्द टाकला. ती हाक झाली. उशीर मुलाने केला आणि बाकीचे खोळंबले. माफी. फळं आजींनी वाहून आणली, तेही 'इत्सुमो', म्हणजे नेहमीच. आभार.

पोस्टकार्ड
पण 'सुमु'चा अर्थ 'निवळणं' असाही आहे. पाणी निवळतं तसं मन. माझं मन निवळत नाही, म्हणून सुमिमासेन. मी असंच शिकलो.

तळटीप
दोन्ही 'सुमु' एकाच मुळातले मानतात, लिहायची चित्राक्षरं, म्हणजे कांजी, वेगळी. ती व्याख्या चूक नाही, पण तिने माफी पटते, लिफ्ट पटत नाही.

धुकं_आणि_डोंगर
माफीच्या 'गोमेन नासाइ' आणि 'सुमिमासेन'मधला फरक असा की पहिला घरच्यांशी, मित्रांशी, दुसरा परक्यांशी. वरिष्ठांशी आणि ग्राहकाशी गंभीर चूक असेल तर दोन्ही अपुरे, तिथे 'मोशिवाके गोझाइमासेन'. पुण्यात जपानी भाषेच्या एनथ्री परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांची इथे हमखास चूक होते. कोणाला चांगला क्लास माहीत आहे का?

तळटीप
क्लाससाठी वेगळा धागा काढा. तुमचा मुद्दा मात्र इथे उपयोगी पडतो: 'गोमेन नासाइ'ने कधीच आभार मानता येत नाहीत. म्हणून शंका आली की शब्द बदलून बघा. लिफ्टमध्ये 'अरिगातो गोझाइमासु' सहज बसतं, उशिरा आलेल्या मुलाच्या तोंडी बसत नाही.

क्रियापद मागे असेल तर आणखी सोपं. 'ओकुरेते', उशीर करून: कृती बोलणाऱ्याची, म्हणून माफी. 'तेत्सुदात्ते मोरात्ते सुमिमासेन', मदत करून घेतली: कष्ट समोरच्याचे, म्हणून आभार.

हिरवा_चहा
म्हणजे थँक्यूऐवजी कुठेही सुमिमासेन चालेल? दहा दिवस फिरायला जातोय, एकच शब्द पाठ करतो.

तळटीप
नाही. समोरच्याला काही खर्चावं लागलं असेल तरच. कोणी तुमच्या शर्टाची स्तुती केली किंवा वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तर तिथे 'सुमिमासेन' विचित्र वाटेल, 'अरिगातो गोझाइमासु' म्हणा. वाट विचारताना मात्र 'सुमिमासेन' हवाच. बोलताना लोक 'सुइमासेन' म्हणतात, ऐकून गोंधळू नका. लिहिताना ते रूप घेऊ नका.

मोगरा_७
पहिले चार कळले. मराठी शब्द काय टाकू? लिफ्टमध्ये 'धन्यवाद' भाषणासारखं वाटतं.

कडीपत्ता
आपण तरी घरी कुठे धन्यवाद म्हणतो? शेजारच्या काकूंनी डबा आणला की "अहो, कशाला त्रास घेतलात!" म्हणतो. हेच ते सुमिमासेन. चौथ्याला: "अहो, दर वेळी कशाला एवढा त्रास!" लिफ्टला: "थांबलात, बरं झालं." खानावळीला: "अहो, जरा इकडे!"

तळटीप
कडीपत्ता, चौथ्याला याहून चांगलं मला सुचणार नाही. लिफ्टला मी साधं 'थँक्यू' ठेवीन, ओळ स्क्रीनवर सेकंदभरच असते. तिसऱ्याला 'सॉरी, उशीर झाला'. तुमचं 'माफ करा' तिथेच बरोबर असणार, लाल खूण नसलेली ओळ बहुधा तीच.

मोगरा_७
हो, तीच! मग पाचवा फळांबद्दल आभार, बरोबर?

तळटीप
चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये काही आहे का?

मोगरा_७
अरे हो, रात्री तिचा मुलगा घरात उड्या मारतो. आजी खालच्याच मजल्यावर राहतात. ते मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

तळटीप
सगळा प्रश्न त्यातच आहे! आजी उत्तरात काय म्हणतात? फळं आवडली का विचारलं तर आभार. मुलगा खेळकर आहे असं काही म्हणाल्या तर माफी.

मोगरा_७
हसून "इइए, इइए", म्हणजे 'नाही, नाही', म्हणतात आणि दृश्य संपतं.

पोस्टकार्ड
बघा, देशिता, म्हणजे माफीच.

तळटीप
"इइए, इइए" दोन्हीला चालतं. दिग्दर्शकाने मुद्दाम उघडं ठेवलेलं दिसतं. तुम्ही एक बाजू निवडलीत तर दृश्य मोडेल. 'काल तुम्हाला फार त्रास झाला' असं लिहा. फळं आणण्याचाही त्रास, उड्यांचाही.

कडीपत्ता
मराठी कानाला यात उड्याच ऐकू येतील. 'झाला' नको. 'काल तुम्हाला उगाच त्रास दिला' यात डबा आणि दंगा दोन्ही बसतात.

तळटीप
'दिला'मध्ये दोष तिच्याकडे जातो, मग माफी जड होते. मी 'झाला'वर ठाम आहे.

मोगरा_७
दोन्ही ओळी तपासणाऱ्या बाईंना पाठवते. त्या काय ठेवतात ते इथे कळवीन.