स्पेलिंग बी: शेवटी ‘ई-एन-टी’ की ‘ए-एन-टी’?

मीनल:
नमस्कार मंडळी, आर्या शाळेच्या फेरीत पहिली आली, आता रीजनलला तीन आठवडे आहेत. लांबलचक शब्द ती घोकून बसवते, पण परवा ‘कॉन्फिडंट’च्या शेवटी ‘ए-एन-टी’ लावून मोकळी झाली. इथल्या उच्चारात तो स्वर धड ऐकूच येत नाही. वर ‘ऑटम’मधला ‘एन’ खाल्ला. यावर काही युक्ती?

सुधाकरकाका:
शुद्धलेखन स्पर्धा पुन्हा सुरू होतेय, छान! ऱ्हस्व-दीर्घाचं पुस्तक आहे माझ्याकडे, रविवारी आणतो.

निखिल:
काका, इंग्रजीचं चाललंय. मीनल, आमचा एक नियम होता: शेपूट काढून अख्खा शब्द उरला तर ‘एबल’, नाहीतर ‘इबल’. रीडेबल, व्हिजिबल. कधी चुकत नाही.

शुभदाताई:
निखिल, ‘ॲक्सेसिबल’ आणि ‘कोलॅप्सिबल’ला लावून बघ, तोंडघशी पडशील.

मीनल, आर्याला शब्दाचे भाऊबंद शोधायला लाव. ‘कॉन्फिडेन्शल’ मोठ्यानं म्हणायला सांग. जोर ‘डेन’वर येतो आणि ‘ई’ स्वच्छ ऐकू येतो. ‘सब्स्टन्स’चा भाऊ ‘सब्स्टॅन्शल’, तिथे ‘ए’. मुकी अक्षरंही अशीच बोलती होतात: ‘ऑटम्नल’मध्ये ‘एन’, ‘सिग्नल’मध्ये ‘साइन’चा ‘जी’, ‘मस्क्युलर’मध्ये ‘मसल’चा ‘सी’. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला ‘बी’ ‘डेबिट’मध्ये सापडतो.

फसतंही. ‘मेन्टेन’वरून ‘मेन्टेनन्स’ लिहायला गेलं की चूक, ‘प्रोनाउन्स’वरून ‘प्रोनन्सिएशन’चंही तेच. असे दगाबाज शब्द वेगळ्या वहीत.

उसन्या शब्दांना इंग्रजीत बऱ्याचदा भाऊबंदच नसतात. तिथे मूळ भाषा विचारायची, स्पर्धेत तो हक्कच आहे. ‘श’ ऐकू आला आणि शब्द फ्रेंच निघाला तर आधी ‘सी-एच’ आठवायचं, जसं शेफ, पॅराशूट. जर्मन असेल तर ‘एस-सी-एच’. ‘क’ ऐकू आला आणि शब्द ग्रीक असला, तर ‘कोरस’सारखा ‘सी-एच’ असू शकतो. अमेरिकेतला अरविंद महांकाळी 2011 आणि 2012 मध्ये तिथल्या राष्ट्रीय स्पेलिंग बीत जर्मन शब्दांवरच अडला, दोन्हीदा तिसरा. 2013 मध्ये जिंकला तो ‘क्नेडल’वर, यिडिश या ज्यूंच्या भाषेतून आलेला शब्द. तिथल्या ‘के’चा उच्चार होतो, ‘नी’ किंवा ‘नाइफ’सारखा तो मुका नाही.

मीनल:
ताई, काल रात्री भाऊबंदांवर वीस शब्द घेतले, सोळा बरोबर. मग ‘मंगूस’ दिला. तिनं ऐटीत मूळ भाषा विचारली, मी म्हटलं मराठी. लगेच ‘एम-यू-एन-जी-यू-एस’! आपलं मुंगूसच लिहिलं तिनं.

शुभदाताई:
हाहा! साहेबानं कानाला वाटलं तसं लिहिलंय: ‘एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई’. आपल्याकडून गेलेल्या शब्दांना एक नियम नाही. ते पाठच करावे लागतात.

निखिल:
आणि अनेकवचन ‘मंगीस’?

शुभदाताई:
नाही रे. ‘मंगूसेस’. ‘गूस’शी त्याचं नातं नाही.

सुधाकरकाका:
मुंगूस आपलं, हे ठाऊक नव्हतं. मग पुस्तक आणू की नको?