जुन्या कागदावर मोमिनाबाद, सातबाऱ्यावर अंबाजोगाई: जुनं नावही छापावं का?

बालाघाटकर: आजोबांच्या फसली १३४८ च्या कागदावर तालुका मोमिनाबाद, जिल्हा भीर, सर्व्हे नंबर ४२, आठ एकर वीस गुंठे असं आहे. आजच्या उताऱ्यावर अंबाजोगाई, बीड आणि गट नंबर. वारसाच्या कामात "ही जमीन दुसरीकडची" म्हणून कागद परत आला. उताऱ्यावर जुनं नावही छापायला नको का?

केजकर: अजिबात नको. योगेश्वरीच्या गावाला अंबाजोगाईच म्हणायचं. दोन-दोन नावं छापली तर गोंधळ कधी मिटणारच नाही. नावात अडकू नका, नंबर बघा. नंबर बदलत नसतो.

मोजणीदार (निवृत्त): केजकर, नंबरही बदलतो. जमिनींचं एकत्रीकरण झालं तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि ४२ चा गट ४२ च होईल असं नाही. बालाघाटकर, भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचे ९(३) आणि ९(४) चे उतारे काढा. जुना नंबर कोणत्या गटात गेला ते तिथे कळतं.

मग क्षेत्र ताडून बघा. आठ एकर वीस गुंठे म्हणजे ३४० गुंठे, साधारण ३ हेक्टर ४४ आर. गटाचं क्षेत्र याच्या आसपास नसेल तर तुकडा जोडला किंवा वेगळा केलेला असतो. त्याचा फेरफार शोधा. सालात ५९० मिळवा, म्हणजे कागद १९३८-३९ चा. आणि फक्त 'मोमिनाबाद' शोधू नका. निजामाच्या काळात तिथे घोडदळाची छावणी होती, पण जुन्या गॅझेटियरमध्ये तालुका 'अंबा' नावानेही सापडतो.

म्हणून माझं मत केजकरांच्या उलट आहे. मोठं नाव नवंच असू द्या, पण खाली 'पूर्वीचे मोमिनाबाद' एवढं यायलाच हवं. नाहीतर प्रत्येक वारसाला हा शोध पहिल्यापासून करावा लागतो.

दीपा: आमचं आधार कार्ड औरंगाबादच्या पत्त्याचं आहे. आता छत्रपती संभाजीनगर करून घेतलं नाही तर पत्रं येणं बंद होईल का?

मोजणीदार (निवृत्त): ताई, हा धागा जमिनीच्या कागदांचा आहे. पण पिनकोड तोच आहे, पत्रं येतील.

केजकर: नंबरचं मान्य, चुकलो. पण पूर्वीचं नाव छापायचं तर कितवं? औरंगाबादच्या आधी तिथे खडकी होतं, मग फतेहनगर. तेही लिहायचं का?

मोजणीदार (निवृत्त): ज्या नावाने जमिनीचा कागद आहे, तेवढंच.

केजकर: हे कोण ठरवणार? तलाठी?

बालाघाटकर: उतारे मिळाले. ४२ चे दोन गट झालेत. बेरीज ३ हेक्टर २१ आर भरते, म्हणजे २३ आर कमी. फेरफार शोधतोय.