फराळाच्या संचात सुटे दर दाखवावेत का?

चकलीवाली_कोथरूड: घरून फराळ विकते. चिवडा २००, चकली २६०, शंकरपाळे १९० (प्रत्येकी अर्धा किलो), बेसनाचे दहा लाडू ३००, दहा करंज्या २५०. संच १०४० ला. व्हॉट्सॲपवर टाकलेल्या चित्रात तेवढा एकच आकडा आहे, आणि लोक "महाग आहे हो" म्हणतात. सुटे दर लिहू का?

वाण्याचा_नातू: लिहाच. वजन आणि दर ओळीने लिहा, खाली बेरीज १२००, तिच्यावर काट, मग १०४०. गिऱ्हाईक १०४० ची तुलना कशाशी करणार? कोपऱ्यावरच्या दुकानातल्या स्वस्त चिवड्याशी. बेरीज समोर असली की १२०० शी करतं.

हिशेबी: आणि "१३ टक्के सूट" असं मोठ्या अक्षरात लिहा. टक्के नेहमी भारी वाटतात.

वाण्याचा_नातू: वस्तू शंभराच्या आतली असेल तर. इथे "१६० रुपये वाचतात" हेच डोळ्यांत भरतं.

माजघर: मी दोन दिवाळ्या सुटे दर लिहिले आणि पस्तावले. दर दिसले की लोक वजाबाकी करतात. "करंजी नको, २५० कमी करा, ७९० घ्या." उरलेले चार पदार्थ सुटे घेतले तर ९५० होतात! नाही म्हटलं की आपणच लबाड. आता एकच किंमत, घ्यायचं तर घ्या.

वाण्याचा_नातू: चूक दरांची नाही. "बचत पूर्ण संचावरच" ही ओळ बेरजेच्या शेजारीच हवी. करंजीऐवजी चकली हवी असेल तर द्या, फरकाचे दहा रुपये घ्या. पदार्थ काढला तर मात्र सुटा दर.

माजघर: लिहायला सोपं आहे. फोनवर मावशींशी वाद घालून बघा एकदा.

पोळीभाजी_डबा: आमच्या डब्यातही कोशिंबिरीचे वेगळे पैसे लावावेत का?

माजघर: अहो, इथे फराळ चाललाय.

सदाशिव_ग्राहक: गिऱ्हाईक म्हणून सांगतो. एकीकडे अर्धा किलो चिवडा २०० ला होता, पण संचाच्या यादीत त्याचे २२० धरले होते. पाव किलोचा ११० चा दर दुप्पट केलेला. बचत फुगवायची ही युक्ती कळली, मग लाडूंच्या दरावरही विश्वास बसेना. ज्या दराने खरंच सुटं विकता तोच लिहा.

चकलीवाली_कोथरूड: दर खरेच आहेत. यादीत उटण्याची वीस रुपयांची पुडी "मोफत" म्हणून घालू का?

वाण्याचा_नातू: यादीत नको. ३०० च्या लाडवांखाली वीसची पुडी दिसली की सगळा संच हलका वाटतो. खोक्यात गुपचूप टाका.

हिशेबी: मला तर मोफत लिहिलेलं बघूनच घ्यावंसं वाटतं.

माजघर: आणि भेट म्हणून पाठवणारे? पाहुण्याला करंजीचा दर कळलेला कोणाला आवडेल?

चकलीवाली_कोथरूड: हो, माझे निम्मे संच भेटीचेच असतात. मग दर चित्रातच ठेवते, खोक्यातल्या चिठ्ठीवर फक्त पदार्थ आणि वजन. करंजी काढा म्हणणाऱ्यांचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये.