मदत हवी आहे: जड स्क्वॉटच्या सेटमध्ये २ मिनिटांची विश्रांती का पुरत नाही?

१०० किलोवर ५ रेप्सचे ५ सेट करतो. एक सेट साधारण २५ सेकंदांचा. २ मिनिटं थांबलो तर रेप्स ५, ५, ४, ३, ३ अशा उतरतात. ४ मिनिटं थांबलो तर ५, ५, ५, ५, ४. दोन्ही प्रकार तीन-तीन आठवडे करून पाहिले. वॉर्मअप, वेळ, झोप सारखीच. क्रिएटिन रोज ५ ग्रॅम आधीपासून चालू आहे.

अडलंय ते इथे. खर्च झालेल्या फॉस्फोक्रिएटिनपैकी निम्मं सुमारे ३० सेकंदांत भरतं असं धरलं, तर १ मिनिटात ७५ टक्के आणि २ मिनिटांत जवळपास ९४ टक्के परत यायला हवं. मग चौथ्या सेटला तिसरी रेप मध्यावरच का रेंगाळते? व्हिडिओत बार तिथे जवळजवळ थांबलेला दिसतो. स्नायूत आम्लता वाढली की ही भरपाई मंदावते, हे माहीत आहे. पण इतक्या छोट्या सेटमध्ये ती एवढी वाढत असेल, हे मला पटत नाही. दम लागलेला नसतो, मांड्याही जळत नाहीत. फक्त जोर लागत नाही.

वजन कमी करायचं नाही, आणि स्क्वॉटला २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ देता येत नाही.

ही घसरण फॉस्फोक्रिएटिन अपुरं भरल्याची आहे की स्नायूत साचलेल्या फॉस्फेटची किंवा मज्जासंस्थेच्या थकव्याची, हे जिममध्येच कसं ओळखायचं? आणि पहिल्या दोन सेटनंतर २ मिनिटं, पुढे ४ मिनिटं अशी विभागणी कोणी करून पाहिली आहे का?