मदत हवी आहे: कृषी केंद्राची दोन फेसबुक पेजेस, ठेवायचं कोणतं?

दारव्ह्यातल्या कृषी केंद्राच्या जुन्या पेजवर 2400 फॉलोअर्स आणि 6 रिव्ह्यू आहेत. नव्यावर 310 फॉलोअर्स, पण 58 रिव्ह्यू. मर्ज केल्यावर फॉलोअर्स आणि चेक-इन ठेवलेल्या पेजवर येतात, मात्र दुसऱ्याच्या पोस्ट, फोटो, रिव्ह्यू आणि युजरनेम कायमचे जातात. म्हणून मोठं जुनं नाही, नवंच ठेवावं असं माझं मत आहे. जुने फोटो आधी उतरवून घेतले आहेत, कारण मर्ज मागे फिरवता येत नाही.

अडचण नावाची आहे. दोन्हींचा ॲडमिन एकच, पण जुन्यावर ‘ट्रेडर्स’, नव्यावर ‘कृषी केंद्र’, आणि नावं जुळत नसली की विनंती नाकारली जाते. जुन्याचं नाव, पत्ता बदलून लगेच विनंती टाकावी की काही दिवस थांबावं? खरिपाआधी हे उरकायचं आहे. कोणी केलं असल्यास कृपया सांगा.