मॉडच्या असमिका: ‘पेक्षा लहान’ला ‘आणि’, ‘पेक्षा मोठं’ला ‘किंवा’. लेकीला कसं समजावू?

पलासियाची_आई
इंदूरहून लिहितेय. लेक अकरावीत आहे. काल |2x − 7| < 5 सोडवताना तिनं दोन केस केल्या. आतलं धन धरलं तर 2x − 7 < 5, म्हणजे x < 6. ऋण धरलं तर −(2x − 7) < 5, म्हणजे x > 1. मग मध्ये ‘किंवा’ लिहून मोकळी झाली. पुस्तकात उत्तर 1 ते 6 च्या मधलं आहे. ती विचारते, “आतलं एकतर धन असणार किंवा ऋण, मग माझं ‘किंवा’ चुकलं कुठे? आणि > असलं की तेच ‘किंवा’ बरोबर कसं येतं?” मला सांगता येईना. कुठल्या पद्धतीनं शिकवू?

महू_नाका
ताई, भंवरकुआला क्लासेसची रांग आहे. अकरावीच्या बॅचेस आत्ताच भरतात, लवकर चौकशी करा.

पलासियाची_आई
क्लास नकोय हो, एवढं एकच अडलंय.

वर्ग_करा
सोपं आहे. दोन्ही बाजूंचा वर्ग करा, मॉड जातं. (2x − 7)² < 25 म्हणजे (x − 1)(x − 6) < 0. गुणाकार ऋण, म्हणून x दोघांच्या मध्ये. > असेल तर दोघांच्या बाहेर. केस करायच्याच नाहीत.

खडूवाले_काका
वर्गाचं उत्तर इथे बरोबर आहे, पण उजवीकडे ऋण संख्या आली की फसाल. |x − 4| > −3 घ्या. मॉड कधीच ऋण नसतं, त्यामुळे प्रत्येक x चालतो. वर्ग केला तर (x − 4)² > 9 होतं आणि x = 4 सारखी चांगली उत्तरं गळून पडतात.

आता मुलीचा प्रश्न. तिचं ‘किंवा’ चुकलेलं नाही, केसची अट सांडली आहे. 2x − 7 धन किंवा शून्य म्हणजे x ≥ 3.5. तेव्हा पहिल्या केसचं खरं उत्तर 3.5 ≤ x < 6. दुसऱ्या केसमध्ये x < 3.5, म्हणून 1 < x < 3.5. हे दोन तुकडे ‘किंवा’नं जोडा, ते 3.5 पाशी एकमेकांना चिकटतात आणि 1 ते 6 असा सलग पट्टा मिळतो. अट सोडली की उरतं ‘x < 6 किंवा x > 1’, आणि त्यात जगातली प्रत्येक संख्या बसते. तिला x = 10 घालून बघायला सांगा: |13| काही 5 पेक्षा लहान नाही.

> मध्ये तीच चूक लपते. पहिली केस: x ≥ 3.5 आणि x > 6. जो 6 च्या पुढे आहे तो 3.5 च्या पुढे असतोच, अट आपोआप पाळली जाते. दुसरीत x < 3.5 आणि x < 1, तिथेही तसंच. म्हणून अट विसरली तरी उत्तर बरोबर येतं, आणि पोरांना वाटतं पद्धत पक्की आहे.

मी मात्र मुलांना आधी हे सांगतो: u आणि −u यांतला मोठा तो |u|. दोघांतला मोठाच 5 पेक्षा लहान असेल तर दोघंही लहान हवेत, म्हणून ‘आणि’. मोठा 5 पेक्षा मोठा व्हायला दोघांतला एक पुरतो, म्हणून ‘किंवा’.

पीथमपूर_शिफ्ट
आमच्याकडे रोजचं आहे हे. शाफ्ट 25 मिमी, 0.02 ची सूट. |d − 25| ≤ 0.02 असला की पास, आणि पासचा क्रेट एकच. रिजेक्टचे मात्र दोन: जाड असेल तर ग्राइंडिंगला परत, बारीक असेल तर भंगार. एका पोरानं दोन्ही एकाच क्रेटमध्ये टाकले होते, सगळे पुन्हा मायक्रोमीटरवर घ्यावे लागले. एकच शाफ्ट जाडही आणि बारीकही नसतो, म्हणून तिथे ‘आणि’ म्हणताच येत नाही.

खडूवाले_काका
वहीतही तीच चूक दिसते. > साठी पोरं −5 > 2x − 7 > 5 असं एका ओळीत लिहितात. म्हणजे −5 हा 5 पेक्षा मोठा झाला! दोन क्रेटची गोष्ट एका ओळीत मावत नाही.

पलासियाची_आई
काका, क्रेट ऐकून तिनं लगेच संख्यारेषा काढली, 3.5 वर रेघ मारली आणि दोन तुकडे जोडले. आता विचारते, उजवीकडेही x असेल तर? |2x − 7| < x?

खडूवाले_काका
तेच चालेल. 2x − 7 < x आणि −(2x − 7) < x, दोन्ही हवेत. x < 7 आणि x > 7/3. x ऋण असेल तर काय, याची वेगळी काळजी नको. ऋण x दुसऱ्या अटीतच बाद होतो.

वर्ग_करा
वर्गानंही हेच आलं, पण x > 0 आधी धरावं लागलं, हे मान्य. तरी परीक्षेत मी वर्गच करीन, कमी ओळी लागतात.

पलासियाची_आई
तिच्या मॅडमना केसच हव्यात म्हणे, ‘दोघांतला मोठा’ लिहिलं तर मार्क देतील का कोण जाणे. सोमवारी विचारून येईल.